आग्वादच्या कोठडीत काय सांगावे: अंधार की हकीकत?

सहलीची मुले घेऊन गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या जुन्या तुरुंगात जाणाऱ्या शिक्षकापुढे साधारण दोन वाटा असतात. एक, कोठडीत सगळ्यांना उभे करायचे, दार लोटायचे आणि आवाज खाली आणून छळाच्या गोष्टी सांगायच्या. दुसरी, एकाच कैद्याची हकीकत सांगायची: कधी पकडले, आरोप कोणता, खटला कुणापुढे, शिक्षा किती, पुढे कुठे नेले. मी दोन्ही करून बघितल्या आहेत.

पहिल्या वाटेने मुले पटकन गप्प होतात, हे खरेच. पण मागून कोणीतरी भुताचा आवाज काढतो आणि मग परतीच्या बसमध्येही भूतच चालते. तेही एक वेळ चालले असते. मला खटकले ते निराळेच. दार लोटून सांगितलेल्या गोष्टीला खलनायक लागतो, म्हणून पोर्तुगीज राजवट गेली त्या १९६१ला ती संपते. तुरुंग मात्र २०१५पर्यंत चालू होता. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा मुक्तीनंतर तिथेच पहारेकरी होते. तिने ते सांगितले, आणि त्यांना गोष्टीत कुठे बसवायचे ते मला सुचेना.

दुसऱ्या वाटेत ही अडचण येत नाही. पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लढलेल्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांचेच घ्या. १८ जून १९४६ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडून सभा घेतली, त्यानंतर काही आठवड्यांतच कुन्हांना अटक झाली. आग्वादच्या कोठडीत ठेवले, लष्करातले नसूनही लष्करी न्यायालयापुढे उभे केले, आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले. लोहिया सप्टेंबरअखेर गोव्यात परत आले, तर त्यांना आग्वादला ठेवून ऑक्टोबरात हद्दीबाहेर सोडले. मुले आपणहून विचारतात, एकाला आठ वर्षे आणि दुसऱ्याला काही दिवस, असे का? एक पोर्तुगालची प्रजा, दुसरा बाहेरचा, हे उत्तराचे एक टोक. तिथून पुढे बोलणे रंगते.

जपायचे इतकेच, की निकालपत्र सरकारने लिहिलेले असते. त्यातला आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. कैद्याच्या आठवणी बऱ्याचदा कित्येक वर्षांनी लिहिलेल्या, त्यामुळे तारखा मागेपुढे होतात. म्हणून ‘कागद म्हणतो’ आणि ‘ते आठवून सांगतात’ असे मी वेगवेगळे बोलतो. मारहाणीचा उल्लेख येतो तिथे तो त्यांच्याच शब्दांत वाचतो, आवाज न बदलता.

लहान मुलांना ही वाट रुक्ष वाटू शकते, हे मान्य. पाचवीच्या आतली पोरे असतील तर मी हट्ट धरणार नाही. किल्ला आणि दीपगृह दाखवून आणा. आठवीपासून पुढे मात्र दार उघडेच ठेवा, आणि १९६१नंतर इथे कोण होते हेही सांगा.