डेड स्किन म्हणून टिश्यूवर जे दाखवतात ते काय असतं, आधी वाचा

चवथीच्या आदल्या आठवड्यात फोंड्यात एका पार्लरमध्ये गेले होते, आयब्रो ५० आणि साधं क्लीनअप ५००, बस एवढंच करायचं होतं, घरी माटोळीचं सामान यायचं होतं म्हणून घाईतच होते.

आयब्रो झाल्या, मग खुर्ची मागे केली, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला आणि तिने चेहऱ्यावर एक पारदर्शक जेल लावून बोटांनी चोळायला सुरुवात केली. दोन मिनिटांत कापूस काढून टिश्यू माझ्यासमोर धरला. त्यावर करड्या रंगाच्या बारीक बारीक गोळ्या, खोडरबर घासल्यावर पडतात तशा. "बघ गे बाय, किती डेड स्किन साठलीय, क्लीनअपने हे जायचं नाही, पीलिंग पुरं करते आणि वर डी-टॅन लावते हां?" खरं सांगते, मला इतकी लाज वाटली की मी हो म्हटलं. रेट विचारलाच नाही. नंतर परत डोळ्यांवर कापूस, आणि "स्किन ड्राय झालीय, मास्क लावू ना?" असं विचारलं तेव्हा चेहऱ्यावर थर होता, तोंड उघडता येत नव्हतं, मी नुसतं हं केलं.

डी-टॅन लावल्यावर भुवयांच्या वर आग आग झाली. थ्रेडिंग नुकतंच झालेलं, त्यावर ब्लीचिंगवालं क्रीम लावायचंच नसतं, आणि कानामागे थोडं लावून आदल्या दिवशी टेस्ट करायची असते ती तर नाहीच. तिला सांगितलं तर म्हणाली "काम करतंय ते". दोन दिवस लाल चट्टे होते, चवथीला तसेच.

बिल २६५० झालं. पीलिंग ७००, डी-टॅन ८००, मास्क ६००, आणि माझे ५५०.

घरी आल्यावर मन मानेना म्हणून तसलंच पीलिंग जेल मागवलं आणि धुवून कोरड्या केलेल्या स्टीलच्या ताटावर चोळलं. तशाच गोळ्या! फक्त पांढऱ्या. ताटाला कसली आली डेड स्किन? ते जेल चोळलं की आपोआप गोळा होतं, चेहऱ्यावरचा मळ, सनस्क्रीन त्यात चिकटतं म्हणून करडं दिसतं. थोडी मेलेली त्वचा निघत असेलही, पण टिश्यूवर दिसतं ते बरंचसं जेलच असतं.

म्हणून तुमच्यापुढे कोणी असा टिश्यू धरला तर तिथल्याच ट्रॉलीच्या स्टीलच्या ट्रेवर थोडं चोळून दाखवायला सांगा. आणि कापूस ठेवायच्या आधीच, डोळे उघडे असताना, काय काय करणार आणि एकूण किती, हे बोलून घ्या, मध्ये विचारलं तर हात वर करून थांबवा. बिलावर प्रत्येक गोष्ट वेगळी लिहून घ्या, मी घेतलं नव्हतं. नाहीतर ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर तक्रार केली असती, पण दाखवायला कागदच नाही.

भाची रविवारी तिथेच जाणार होती, तिला काल ते ताट दाखवलं, तिने अपॉइंटमेंट कॅन्सल केली.