डोळ्यातलं मांस, दोन ऑपरेशनं आणि गॉगलची कड : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात मावसभाऊ घरी आला. वीटभट्टीवर काम करतो. डाव्या डोळ्यात नाकाकडून मांस वाढलंय, बुबुळाच्या कडेपर्यंत आलंय. कुणीतरी त्याला सांगितलं, सहा हजारांत दहा मिनिटांत निघतं. ते सहा हजार मी दिलेत, आणि नंतर त्याच डोळ्याला आणखी एकोणीस हजार दिलेत. त्याला तोंडी सांगताना निम्मं राहून गेलं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

मी वाळवा तालुक्यातला. दीड एकर ढोबळी मिरची, बाकी ऊस. वय त्रेचाळीस. टेरिजियम म्हणजे काय ते ज्यांना झालंय त्यांना माहीत असतंच : पांढऱ्यावरची पातळ साल जाड होते, तिच्यात रक्तवाहिन्या भरतात आणि ती त्रिकोणी टोकाने बुबुळावर चढते. माझं टोक उजव्या डोळ्यात तीन मिलिमीटर आत आलं होतं. मधल्या काळ्या बाहुलीपर्यंत जेमतेम एक मिलिमीटर उरलं होतं. शिवाय ते ओढ देत असल्यामुळे बुबुळाचा गोलावा बिघडला आणि अडीचचा सिलिंडर नंबर आला. रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकलेला दिसायचा.

पहिलं ऑपरेशन मागच्या वर्षी फेब्रुवारीत झालं. कुठे ते लिहीत नाही. मांस कापलं, खालचा पांढरा भाग उघडा ठेवला, पट्टी बांधली आणि घरी पाठवलं. महिनाभर डोळा इतका स्वच्छ होता की मी चार जणांना तिथेच जा म्हणून सांगितलं. त्याचं आजही वाईट वाटतं. एप्रिलअखेर नाकाकडे लाली धरली. जूनमध्ये बायको म्हणाली, "अहो, ते परत आलंय." आरशात पाहिलं तर पहिल्यापेक्षा जाड, लालभडक, आणि दोन महिन्यांत पहिल्याच जागेवर पोचलेलं. आधी तेवढं वाढायला सहा-सात वर्षं लागली होती.

परत विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "हे येतंच, तुम्ही उन्हात काम करता." एवढंच. पुढे मिरजेला दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून डोळा बघितला आणि विचारलं, "पहिल्या वेळी साल लावली होती का?" मला साल लावतात हेच माहीत नव्हतं. घरी येऊन बिल काढलं. त्यावर नुसतं मांस काढल्याचं लिहिलं होतं, साल लावल्याचा शब्दही नव्हता.

माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. मांस कापल्यावर पांढऱ्यावर एक उघडी जखम राहते. ती भरायला आजूबाजूची साल आणि खालचा चिवट थर धाव घेतो, आणि बुबुळाच्या कडेचं कुंपण तुटलेलं असल्यामुळे तो थेट बुबुळावर चढतो. या कडेत पांढऱ्याला बुबुळावर येऊ न देणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या उन्हाने मार खाल्लेल्याच असतात. म्हणून त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालून, जिथे ऊन फारसं पोचत नाही, तिथून निरोगी सालीचा तुकडा काढून त्या जागी बसवतात. जागा आधीच भरलेली असली की मांसाला धावायला वाव राहत नाही. नुसतं कापून सोडलं तर परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात पंचवीसपासून ऐंशीच्याही वर गेलेलं आहे. साल नीट लावली तर बहुतेक ठिकाणी ते पाच ते पंधराच्या आसपास राहतं. वय कमी आणि मांस जाड-लाल असेल तर धोका जास्त. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी जास्त पैसे पहिल्यांदाच भरले असते.

मॅडमनी लगेच ऑपरेशन केलं नाही. लाली बसायला वेळ दिला, ड्रॉप दिले आणि डिसेंबरात घेतलं. ड्रॉपने मांस विरघळत नाही, फक्त जळजळ आणि लाली कमी होते, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. बरं झालं, कारण मधात काहीतरी घोटून घालायचा सल्ला मला तोपर्यंत तिघांनी दिला होता.

इंजेक्शनची सुई टोचली तेवढंच दुखलं, बाकी नुसती ओढाताण जाणवते. पहिल्या जखमेचा वण चिकटलेला असल्यामुळे वेळ जास्त लागला, पाऊण तास तरी. सालीखालचा चिवट थर बराच काढला. मग वरच्या पापणीखालून साधारण सहा बाय सात मिलिमीटरचा तुकडा घेतला, जागेपेक्षा किंचित मोठा, कारण तो नंतर आकसतो. तुकड्याची जी कड बुबुळाकडे होती ती बुबुळाकडेच ठेवून बसवला. टाके घातले नाहीत. जखमेतून आलेलं माझंच रक्त गोठून तो चिकटला. त्यासाठी दहाएक मिनिटं डोळा अजिबात न हलवता पडून राहायला लावलं. तयार गोंदही मिळतो, पण तो महाग पडला असता. टाक्यांचा पर्याय होता, पण आठवडाभर डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचतं म्हणे.

रक्ताने चिकटवण्याची एक अडचण मात्र आहे : पहिले दोन-तीन दिवस डोळा चोळला तर तुकडा सरकू शकतो. बायकोने तीन रात्री माझा हात धरून ठेवला. ज्या जागेवरून साल काढली ती पंधरा दिवसांत आपोआप भरली. आता पापणी उचलून बघितलं तरी कुठून काढली ते कळत नाही.

स्टेरॉइडचे ड्रॉप दिवसातून सहा वेळा सुरू करून दोन महिन्यांत हळूहळू बंद केले. यात एक धक्का बसला. चौथ्या आठवड्यात डोळ्याचा दाब चोवीस आला, एकवीसपर्यंत ठीक धरतात. मॅडमनी लगेच सौम्य ड्रॉपवर आणलं आणि पंधरा दिवसांत दाब सोळावर आला. दाबाचं काहीच जाणवत नाही, ना दुखतं, ना लाल होतं. तपासायला गेलो नसतो तर कळलंच नसतं. मेडिकलमधून परस्पर तोच ड्रॉप आणून महिनोन्‌महिने घालणारे आमच्याकडे आहेत, म्हणून हे लिहितोय.

इथपर्यंतचं मी जूनमध्येच वहीत लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा माझं मत होतं की सगळा दोष पहिल्या ऑपरेशनचा. आता ते थोडं बदललंय. साल न लावणं चूकच होतं. पण ज्या उन्हाने मांस आलं त्याच उन्हात मी महिन्याभरात परत उभा होतो, आणि तोही दीडशे रुपयांचा काळा गॉगल लावून निर्धास्त.

हे कळलं ते मॅडमच्या खोलीत. त्यांनी दिवा बंद केला, बायकोला खुर्चीत बसवून समोर बघायला सांगितलं आणि मोबाईलचा टॉर्च क्षणभर तिच्या उजव्या कानाच्या बाजूने, डोळ्याच्या पातळीत धरला. मला म्हणाल्या, "नाकाकडची कड बघा." टॉर्चच्या बरोबर विरुद्ध बाजूला, बुबुळ आणि पांढरं जिथे मिळतं तिथे, तांदळाच्या कणीएवढा झगझगीत ठिपका उमटला होता. मांस जिथून निघतं नेमकी तीच जागा. बुबुळाचा बाक भिंगासारखं काम करतो आणि बाजूने आलेला उजेड नाकाकडच्या कडेवर वीसपटीपर्यंत एकवटतो. नाकाच्या बाजूने येणाऱ्या उजेडाला नाक आडवं येतं, म्हणून कानाकडच्या कडेला हा मार फारसा बसत नाही आणि मांस बहुतेक नाकाकडूनच येतं.

मग त्यांनी माझा काळा गॉगल तिला घातला. कडेने बोटभर फट होती. टॉर्च त्याच जागी धरला, ठिपका तसाच. काळ्या काचेमुळे माणूस डोळे बारीक करत नाही, सताड उघडे ठेवतो, आणि फटीतून येणाऱ्या उन्हाला वाट आणखी मोकळी होते. मी दोन वर्षं तो गॉगल लावून फिरलो होतो.

आता वापरतो तो ग्राइंडरवाले वापरतात तसला, पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा, कानापर्यंत वळलेला चष्मा. सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात एकशे चाळीसला मिळाला. पॉलिकार्बोनेट मुळातच अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतं, त्यामुळे काच काळी असायची गरज नाही. ढगाळ दिवशी आणि संध्याकाळीही तो घालता येतो. घेताना दुकानातच घालून कडेची फट तपासली. चारपैकी दोन जोड नापास झाले, कारण गालाकडे फट राहत होती.

ती गालाकडची फट मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या मिरचीच्या बेडवर चांदीसारखा मल्चिंग कागद आहे. अकरा-बारा वाजता त्याच्यावरून ऊन खालून वर येतं, टोपीची झाप त्याला अडवत नाही. टोपी वरचं अडवते, चष्मा बाजूचं आणि खालचं. मला दोन्ही लागतात. आणखी एक गोष्ट मनातून जात नाही : शेत गावाच्या उत्तरेला आहे. सकाळी मोटारसायकलवर जाताना ऊन उजव्या कानाकडून, संध्याकाळी परत येताना मावळतीचं ऊनही उजव्याच कानाकडून. मांस फक्त उजव्या डोळ्यात. मॅडम म्हणाल्या, तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही, शेतातले तास जास्त मोजले पाहिजेत. त्यांचं खरं असेल, पण मी हेल्मेटच्या आतही तो चष्मा घालतो.

तोटे : घामाने आतून धुरकटतो, दर तासाला पुसावा लागतो. चार महिन्यांत चरे पडले, कारण मी शर्टच्या टोकाने पुसायचो. औषध फवारणीच्या दिवशी त्यावर थर बसतो, तो आधी पाण्याने धुवायचा, कोरडा पुसायचा नाही. दुसरा जोड ऑगस्टमध्ये घेतला.

सातव्या महिन्यात एक दिवस नाकाकडे लाल दिसलं आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं. दर महिन्याच्या एक तारखेला खिडकीजवळ एकाच जागी डोळ्याचा फोटो काढून ठेवलेत, ते शेजारी शेजारी लावून पाहिले. लाली लावलेल्या सालीवर होती, बुबुळाची कड ओलांडलेली नव्हती. मॅडमनीही तेच बघितलं : बुबुळाच्या हद्दीत रक्तवाहिनी किंवा मांसाचा पदर शिरला तरच परत आलं म्हणायचं. कोरडेपणा होता, अश्रूंचे ड्रॉप दिले, आठवड्यात गेलं. परत यायचं असेल तर बहुतेक पहिल्या वर्षातच येतं, म्हणून डिसेंबरपर्यंत फोटो चालू ठेवणार.

सिलिंडर नंबर आता पाऊणवर आलाय. दिवे फाकत नाहीत.

मावसभावाचं टोक अजून कडेवरच आहे, नंबर नाही, दिसायला अडचण नाही. मॅडमनी त्याचं ऑपरेशन सध्या नको म्हणून सांगितलं, सहा महिन्यांनी माप घ्यायला बोलावलंय. भट्टीवर जायच्या आधी मी त्याला माझा चरे पडलेला जुना चष्मा दिला आणि अंगणात त्याच्या कानाकडून फट राहते का ते बघितलं. उजवीकडे फट नव्हती. डावीकडे होती, दांडी वाकलेली होती. दांडी गरम पाण्यात धरून सरळ केली, मग तिकडचीही फट गेली.