सारांश तपासायची दोन फेऱ्यांची पद्धत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीची मी सचिव. इमारत ३५ वर्षांची आहे आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. त्यामुळे सतत कुठला ना कुठला इंग्रजी अहवाल येतो आणि सभासदांसाठी त्याचा एक पानी मराठी सारांश काढावा लागतो. सारांश समितीतल्या एक ताई लिहितात, मूळ अहवालाशी ताडून मी बघते. आठ महिन्यांत असे अकरा सारांश माझ्या हाताखालून गेले.

पद्धत साधी आहे. पहिल्या फेरीत सारांशाकडून अहवालाकडे जायचं. सारांशातला प्रत्येक आकडा, जागा, तारीख आणि ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ असे शब्द लाल पेन्सिलीने अधोरेखित करायचे आणि समासात अहवालाचा पान क्रमांक लिहायचा. पान सापडलं नाही तर वाक्य काढायचं. दुसऱ्या फेरीत उलटं: अहवालातल्या महत्त्वाच्या पाच-सात गोष्टी सारांशात आल्यात का ते बघायचं.

खरी परीक्षा झाली ती स्ट्रक्चरल ऑडिटच्या वेळी. अहवाल ४२ पानांचा. सारांशात वाक्य होतं, ‘इमारतीतल्या ९० टक्के सळया गंजल्या आहेत.’ ९० हा आकडा अहवालात होता, पान १९ वर. मी समासात ‘१९’ लिहून पुढे गेले. रात्री पुन्हा ते पान उघडलं तेव्हा लक्षात आलं की वाक्य पूर्ण चुकलंय. ती हाफ-सेल पोटेन्शियल चाचणी होती. काँक्रीटवर इलेक्ट्रोड टेकवून सळईचा विद्युत दाब मोजतात. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर त्या ठिकाणी गंज चढत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. किती सळई खाल्ली गेली, हे ही चाचणी सांगतच नाही. तपासलेल्या २४ ठिकाणांपैकी ७ ठिकाणी असं वाचन आलं होतं, एवढंच. आकडा खरा, पान खरं, वाक्य खोटं. ते वाक्य व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेलं असतं तर तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना रात्रभर झोप लागली नसती. तेव्हापासून समासात पान क्रमांकाच्या जोडीला ‘कशाचा आकडा’ हे दोन शब्दांत लिहिते: ‘१९, शक्यता’.

त्याच सारांशात दुसरं वाक्य होतं, ‘३० वर्षांवरील इमारतींचं ऑडिट दर तीन वर्षांनी करावं, असं अहवालात म्हटलं आहे.’ अहवालात असं काही नव्हतं. ताईंना ते आदर्श उपविधींतून माहीत होतं आणि माहिती बरोबरही होती. पण अभियंत्याच्या तोंडी घातलेलं न बोललेलं वाक्य खरं असलं तरी जोडलेलंच. ते अहवालाच्या नावावरून काढलं आणि खाली समितीची टीप म्हणून वेगळं दिलं. अशा जागा सगळ्यात उशिरा दिसतात, कारण वाचताना आपणही मान डोलावतो.

दुसऱ्या फेरीत मी सुरुवातीचे दोन महिने एक चूक करत होते. आधी सारांश वाचायचे, मग अहवाल. सारांश डोक्यात असला की अहवालातही तेवढंच दिसतं, बाकीचं नजरेतून निसटतं. आता अहवाल आला की सारांश हातात घ्यायच्या आधीच माझी यादी कागदावर उतरवते. ऑडिटच्या वेळी हाच क्रम पाळला म्हणून परिशिष्टातली ओळ सापडली: जिन्याखालच्या दोन कॉलमजवळ ताबडतोब आधाराचे प्रॉप लावावेत. मुख्य भागात ती नव्हती, फोटोंच्या खालच्या मजकुरात होती. सारांशात दुरुस्तीचा अंदाजे खर्च आला होता, ती ओळ नव्हती. तसंच, चार बंद फ्लॅट आणि गच्चीवरची टाकी तपासता आली नाही, ही मर्यादाही गळली होती. आता काय तपासलं नाही, ही माझ्या यादीतली पहिली ओळ असते.

इंग्रजीतून मराठीत येताना शब्दांचं वजनही बदलतं. ‘इज रेकमेंडेड’चं ‘करावंच लागेल’ होतं, ‘मे’चं ‘होणार’ होतं. म्हणून क्रियापदांखाली निळी रेघ मारते. हे अगदी अलीकडे सुरू केलं, आधीच करायला हवं होतं.

वेळ लागतो. ४२ पानांना माझे जवळजवळ दोन तास गेले. पाच पानी पत्राला वीस मिनिटं पुरतात. लिहिणाऱ्यानेच तपासलं तर मात्र उपयोग निम्म्याहून कमी, हे ताईंनी आणि मी अदलाबदल करून पाहिलंय. स्वतःच्या वाक्याचा अर्थ आपल्याला आधीच माहीत असतो, म्हणून पान उघडायचा कंटाळा येतो.

एका ठिकाणी ही पद्धत कामाला येत नाही. अहवालातच तक्त्यात बी विंग आणि फोटोखाली सी विंग लिहिलं होतं. सारांश तक्त्याप्रमाणे बिनचूक होता, माझ्या दोन्ही फेऱ्यांत पास झाला असता. फोटोतला निळा जिना सी विंगचा आहे हे मला माहीत होतं, म्हणून थांबले. अभियंत्यांना फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी सुधारित पान पाठवलं, आणि मगच सारांश नोटीस बोर्डावर लावला.