बोअर जुळेना: एकट्याने झुंजायचं की २० मिनिटांनी विचारायचं?

शिरोलीच्या शॉपमध्ये पातळ भिंतीच्या बुशचा ४० एच७ बोअर चालू आहे, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिमी. दोन टोकांचा बोअर गेज ४०.०१२ दाखवतो, तरी गो प्लग आत जात नाही.

एकटाच झुंजणारा ऑपरेटर ऑफसेट वाढवत राहतो. प्लग जातो तेव्हा बोअर ४०.०३० झालेला असतो, जॉब भंगारात. चूक त्याच्या गेजमध्येच लपलेली असते. तीन जॉच्या दाबाने जॉब दबतो, चकमधून काढल्यावर बोअर तीन फुगवट्यांचा होतो आणि दोन टोकांच्या गेजला तो गोलच वाटतो. तासभर मोजलं तरी हे त्याला दिसणार नाही.

२० मिनिटांची मर्यादा पाळणारा सेटरकडे जातो, पण "होईना" एवढंच सांगत नाही. चकमधलं माप, काढल्यावरचं माप आणि काय बदललं तेही सांगतो. सेटर तीन टोकांचा मायक्रोमीटर फिरवून बघतो. माप बदललं की फिनिश कटला चकचा दाब कमी करायचा किंवा सॉफ्ट जॉ जॉबच्या व्यासाला बोअर करायचे.

दर फेरीत नवं काही कळत असेल तर आणखी १० मिनिटं घ्यावीत. तोच ऑफसेट तिसऱ्यांदा बदलत असाल, तर घड्याळही न बघता सेटरकडे जा.