लेबल जवळजवळ नसताना आयसोलेशन फॉरेस्ट आणि एमएडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे पाणी फिरवणाऱ्या सेंट्रिफ्युगल पंपांचा मिनिटामिनिटाचा डेटा येतो: मोटारीचा करंट, प्रवाह, बेअरिंगचं तापमान आणि कंपन. नोंदवहीत खरे बिघाड म्हणावेत असे प्रसंग जेमतेम तीन. एवढ्यावर वर्गीकरणाचं मॉडेल शिकवता येत नाही, म्हणून लेबल न लागणाऱ्या दोन पद्धती घेतल्या. एक scikit-learn मधलं IsolationForest आणि दुसरी मध्यकावर आधारलेली जुनी सांख्यिकी चाचणी. ते तीन प्रसंग शिकवण्यात वापरले नाहीत, फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवले. हा निर्णय पुढे फार कामाला आला.

आयसोलेशन फॉरेस्टची कल्पना मला आजही देखणी वाटते. लिउ, टिंग आणि झोउ यांनी ती 2008 मध्ये मांडली. डेटातून 256 नोंदी उचलायच्या, कोणताही एक कॉलम घ्यायचा, त्याच्या किमान-कमाल किमतींमध्ये कुठेतरी यादृच्छिक काप मारायचा आणि हेच पुन्हा पुन्हा करत झाड बनवायचं. गर्दीतली नोंद एकटी पडायला पुष्कळ काप लागतात, वेगळी नोंद दोन-चार कापांतच सुटी होते. शेकडो झाडांवरची सरासरी वाट 256 नोंदींच्या अपेक्षित वाटेशी, म्हणजे सुमारे 10.24 शी, ताडून स्कोर निघतो. वाट तेवढीच निघाली तर स्कोर 0.5, सरासरी चार पायऱ्यांत सुटली तर सुमारे 0.76.

आमची मांडणी एवढीच:

```python
m = IsolationForest(n_estimators=300,
                    max_samples=256, random_state=7)
m.fit(X_train)
score = -m.score_samples(X_new)
```

उणे चिन्ह विसरू नका. scikit-learn मध्ये score_samples उलट चालतं, जितकं कमी तितकं संशयास्पद.

पहिल्या फेरीत चारही कॉलम जसेच्या तसे दिले. यादीत सगळ्यात वर आली ती पंप सुरू होतानाची मिनिटं. सुरू होताना करंट उसळतो आणि प्रवाह शून्याजवळ असतो, त्यामुळे मॉडेलच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. ती दुर्मीळ आणि वेगळी आहेत, फक्त आपल्याला नको आहेत. सुरू आणि बंद होतानाची मिनिटं आधीच गाळल्यावर यादी शहाण्यासारखी वागू लागली.

तरी बाजूला ठेवलेल्या तीनपैकी एक प्रसंग वर येईना. ग्लँड पॅकिंग जास्त आवळल्याने शाफ्टवर घर्षण वाढलं होतं. त्या वेळी प्रवाह ताशी 150 घनमीटर आणि करंट 42 अँपिअर. नेहमीच्या कामात प्रवाह 100 ते 200 च्या दरम्यान आणि करंट 28 ते 44 च्या दरम्यान फिरतो, म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीकच. पण 150 प्रवाहाला या पंपाचा करंट 36 च्या आसपास असतो. बिघाड होता तो या जोडीत. फॉरेस्टने स्कोर दिला 0.47, अगदी सामान्य.

याचं कारण कापांच्या दिशेत आहे. प्रत्येक काप एकाच कॉलमवर, अक्षाला समांतर पडतो. प्रवाह आणि करंट यांचे बिंदू तिरक्या पट्ट्यात दाटलेले असतात. पट्ट्याच्या थोडा बाहेर असलेला बिंदू सुटा करायला मॉडेलला बरेच छोटे छोटे काप लागतात, आणि तोवर वाट लांबून स्कोर खाली येतो. तिरके काप मारणारी एक्स्टेंडेड आयसोलेशन फॉरेस्ट नावाची आवृत्ती आहे. आम्ही मात्र सोपा रस्ता घेतला, नातंच कॉलम म्हणून दिलं. प्रवाहाचे दहा-दहा घनमीटरचे गट केले, प्रत्येक गटातला करंटचा मध्यक काढला आणि प्रत्यक्ष करंटमधून तो वजा केला. त्या प्रसंगात हा फरक 6 अँपिअर आला. कच्च्या करंटच्या जागी हा फरक दिल्यावर त्याच नोंदीचा स्कोर 0.66 झाला आणि ती त्या आठवड्याच्या यादीत वरच्या पाचांत आली.

इथेच एमएडीची गाठ पडते. त्याच फरकावर सुधारित झेड काढा: 0.6745 गुणिले मध्यकापासूनचं अंतर, भागिले एमएडी, म्हणजे मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक. आमचा मध्यक शून्य आणि एमएडी 0.8 होता, म्हणून उत्तर सुमारे 5.1. नेहमीची मर्यादा 3.5 आहे. म्हणजे कॉलम नीट बांधल्यावर हा बिघाड एका ओळीच्या सूत्रालाही सापडतो, आणि फिटरला कारण सांगणं कितीतरी सोपं होतं: या प्रवाहाला करंट सहाने जास्त आहे. फॉरेस्ट फक्त स्कोर देतं, कारण सांगत नाही.

सरासरी आणि प्रमाण विचलन का नको, तर मोठी किंमत स्वतःच विचलन फुगवून त्यात लपते. दहा नोंदींच्या नमुन्यात कोणतीही किंमत, कितीही अफाट असली तरी, 2.85 पेक्षा जास्त झेड मिळवूच शकत नाही. तीनची मर्यादा लावून बसलात तर घंटा कधीच वाजणार नाही. एमएडीचाही एक सापळा आहे. अर्ध्याहून जास्त किमती तंतोतंत सारख्या असतील, जसं राखीव पंपाचा शून्य प्रवाह, तर एमएडी शून्य होतो आणि भागाकार कोसळतो.

आता मर्यादेचा प्रश्न. contamination 0.01 दिलं की शिकवलेल्या नोंदींपैकी सुमारे एक टक्का नोंदी विसंगत ठरतात, डेटा निर्मळ असला तरीही. हा आकडा फक्त रेष सरकवतो, स्कोर बदलत नाही. म्हणून आम्ही predict वापरतच नाही. देखभालीच्या लोकांना आठवड्यात वीस नोंदी नीट बघता येतात, म्हणून वरच्या वीस पाठवतो. सोबत कमी स्कोरच्या काही नोंदी चिठ्ठी काढल्यासारख्या मिसळतो आणि कोणत्या कुठल्या ते सांगत नाही. वरच्या नोंदींवर 'खरं', 'ओळखीचं', 'कळत नाही' असे शेरे येतात, त्यावरून यादीची अचूकता कळते. खालच्या नोंदींत एखादं 'खरं' निघालं तर काहीतरी निसटतंय हे कळतं, आणि वरची यादी कितीही तपासली तरी ते कळलं नसतं.

दुसरी तपासणी कृत्रिम. चांगल्या नोंदींचा करंट 2, 4, 6 अँपिअरने वाढवून पाहिलं. 4 पासून पुढे बहुतेक पकडल्या गेल्या, 2 वर नाही. यातून पद्धतीची नजर किती बारीक आहे ते समजतं, पण फक्त आपल्याला सुचलेल्या बिघाडापुरतंच. random_state बदलून पाच वेळा चालवणंही आवश्यक आहे. वरच्या काही नोंदी जागच्या हलत नाहीत, पण विसाव्या क्रमांकाच्या आसपास अदलाबदल होते. ती कमी व्हावी म्हणून झाडं 100 वरून 300 केली. max_samples मात्र वाढवलं नाही, कारण नमुना मोठा झाला की एकसारख्या विसंगत नोंदींची स्वतःचीच गर्दी होते आणि त्या एकमेकींना झाकतात.

जे या जोडीला जमत नाही ते हळू झिजणं. वेअर रिंग झिजली की पाणी आतल्या आत फिरतं आणि तेवढ्याच प्रवाहाला करंट महिनोन्‌महिने थोडा थोडा चढतो. दर आठवड्याला ताज्या डेटावर मॉडेल पुन्हा शिकवलं तर ते झिजलेल्या पंपालाच सामान्य मानू लागतं. म्हणून शिकवण्याचा काळ आम्ही दुरुस्तीनंतरच्या, फिटरने मान्य केलेल्या आठवड्यांवर गोठवला आहे आणि करंटच्या फरकावर वेगळा क्यूसम लावला आहे. पेज यांनी 1954 मध्ये मांडलेली ही पद्धत छोटे फरक साठवत जाते, त्यामुळे अर्ध्या अँपिअरची चढही तिच्या बेरजेत दिसते. फॉरेस्टला मिनिटामिनिटाच्या वेगळेपणासाठी ठेवलंय, झिजेच्या इशाऱ्याचं काम क्यूसमकडे.