औषधांचा मराठी तक्ता: काही महिने वापरल्यावर

गिरगावातल्या मावशीला आमवात आहे. तिला मराठीच वाचता येतं आणि प्रिस्क्रिप्शन असतं इंग्रजीत. म्हणून गणपतीच्या सुमारास मोठ्या अक्षरांत एक तक्ता लिहून तिच्या फ्रिजवर लावला. तो अजून वापरात आहे.

तक्त्याचा खरा कस लागला तो मेथोट्रेक्सेटला. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. कागदावर होतं ७.५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि गोळी मिळाली २.५ ची. 'आठवड्याला ३ गोळ्या' एवढंच लिहिलं असतं, तर मावशीने सोमवार-बुधवार-शुक्रवार अशा वाटून घेतल्या असत्या. म्हणून डॉक्टरांना विचारून वार ठरवला आणि लिहिलं: 'फक्त रविवारी, रात्री जेवणानंतर, ३ गोळ्या एकदम. इतर कुठल्याही दिवशी नाही.' फॉलिक अ‍ॅसिडसाठी सोमवारची वेगळी ओळ केली. 'पिवळी गोळी' अशी खूण मुद्दाम टाळली, कारण तिच्याकडच्या दोन्ही गोळ्या पिवळ्याच आहेत.

मध्यंतरी केमिस्टकडे २.५ ची स्ट्रिप नव्हती, त्याने ७.५ ची दिली. औषध तेच, पण तक्त्यावरच्या ३ गोळ्या म्हणजे २२.५ मिलिग्रॅम झाले असते! तक्त्यात गोळ्यांच्या शेजारी '२.५ ची' असं लिहिलेलं होतं, आकडा स्ट्रिपवर छापतात तसाच. मावशीने तो जुळवून पाहिला आणि फोन केला, "अरे, आकडा वेगळा आहे, घेऊ का नको?" मी डॉक्टरांकडून खात्री करून १ गोळीचा नवा तक्ता लिहिला, त्यावर तारीख टाकली आणि जुना फाडला. दोन तक्ते घरात राहिले की घोळ ठरलेला.

थायरॉईडच्या गोळीचा प्रश्न वेगळाच निघाला. मावशीच्या हिशेबात 'रिकाम्या पोटी' म्हणजे नाश्त्याआधी. चहा पोटात धरायचाच नाही! आता ओळ अशी आहे: 'उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर. पुढे एक तास चहासुद्धा नाही.' ती कुरकुरते, पण पाळते.

तक्ता कमी पडतो तो 'एसओएस'च्या, म्हणजे गरज पडली तरच घ्यायच्या गोळीला. दुखलं तर घ्या, हे सहज लिहिता येतं; पण कशासाठी, किती तासांनी आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे कागदावर नसतं. ते डॉक्टरांना विचारूनच भरावं लागतं, आपल्या अंदाजाने नाही. शिवाय आधीची गोळी कधी घेतली हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी शेजारी कॅलेंडर लटकवलंय, गोळी घेतली की त्यावर ती वेळ लिहिते.

नवा तक्ता लावला की मी तिला वाचून दाखवत नाही. "मावशी, रविवारी काय घेणार, तूच सांग," म्हणतो. ती अडखळली, की ती ओळ पुन्हा लिहायची.