चार दिवसांत वाळणारा गाळ : आमच्या सोसायटीची झालेली फसवणूक

मुलुंडमधील आमच्या सोसायटीत दिवसाला सुमारे ७० हजार लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा छोटा एसटीपी आहे. त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी गाळ वाळवण्याचे वाफे, म्हणजे स्लज ड्राइंग बेड, बांधून देण्याचे काम आम्ही एका ठेकेदाराला दिले आणि त्यात फसलो. कार्यकारिणीचा सचिव या नात्याने अंतिम बिलावर माझीच सही होती, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये रोजचा गाळ ८०० लिटर धरला होता आणि तो आकडा बरोबर होता. या गाळात घन पदार्थ जेमतेम एक टक्का, म्हणजे दिवसाला ८ किलो असतात आणि बाकी सगळे पाणी. तो वाफ्यावर २० सेंटिमीटर जाडीने पसरायचा आणि ४ दिवसांत वाळवून उचलायचा, असा त्याचा हिशोब होता. चार दिवसांचा ३,२०० लिटर गाळ २० सेंटिमीटर जाडीने पसरण्यास १६ चौरस मीटर जागा लागते, म्हणून त्याने प्रत्येकी ८ चौरस मीटरचे दोन वाफे बांधले. गुणाकारात चूक नव्हती. खोट होती ती ‘४ दिवस’ या एका आकड्यात.

एप्रिलमध्ये त्याने आम्हाला प्रात्यक्षिक दाखवले. पाचव्या दिवशी वाफ्यावरचा गाळ भेगाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या आणि त्या हाताने उचलता येत होत्या. आम्ही समाधानाने बिल मंजूर केले. वाफ्यावर गाळ सोडताना पंप किती वेळ चालला होता, हे विचारण्याचे मात्र कोणालाच सुचले नाही. तासाला ३,००० लिटरचा तो पंप फक्त दहा मिनिटे चालवला होता, हे आमच्या ऑपरेटरने नंतर सांगितले. दहा मिनिटांत ५०० लिटर गाळ येतो आणि ८ चौरस मीटरवर त्याचा थर जेमतेम ६ सेंटिमीटर होतो. थर पातळ असेल तर एप्रिलच्या उन्हात चार दिवस पुरतात; हिशोबात मात्र २० सेंटिमीटरचा थर धरलेला होता.

पूर्ण जाडीचा गाळ पसरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत मोकळे पाणी वाळू-खडीतून खाली निथळते आणि पातळी झपाट्याने उतरते. पाहणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते, पण उरलेले पाणी केवळ हवेने आणि उन्हाने जायचे असते आणि खरा वेळ त्यालाच लागतो. मे महिन्यात वरून भेगा पडलेल्या थरात मी स्वतः फावडे घातले, तेव्हा खाली काळा, चिकट लगदा होता आणि फावड्याबरोबर वाळूही वर येत होती. गाळ तयार झाला असेल तर भेग थेट वाळूपर्यंत जाते आणि ढेकूळ वाळू न ओढता सुटते. कोरड्या हवेत यासाठी साधारण दहा दिवस आणि उचलून वाळू सारखी करण्यास आणखी दोन, असे बारा दिवस धरावे लागतात. म्हणजे ९,६०० लिटर गाळ आणि ४८ चौरस मीटर जागा. आम्हाला मिळालेल्या जागेच्या बरोबर तिप्पट.

ही चूक अजाणतेपणी झाली असेल, असे मला सुरुवातीला वाटत होते. परंतु फाइल चाळताना त्याच ठेकेदाराचे पहिले कोटेशन सापडले आणि त्यात बारा दिवस व ४८ चौरस मीटर असेच लिहिलेले होते. आम्ही जागा नसल्याचे सांगितल्यावर त्याने दुसऱ्या कोटेशनमध्ये फक्त दिवसांचा आकडा बदलला होता. याला मी फसवणूकच म्हणतो.

जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला आणि उघड्या वाफ्यांत वाळणे जवळपास थांबलेच. दोन्ही वाफे भरलेले असल्यामुळे ऑपरेटरने टाकीतून गाळ काढणे बंद केले. पूर्वी लिटरभराच्या नळकांड्यात वायुवीजन टाकीतले पाणी अर्धा तास ठेवले की गाळ ३०० मिलिलिटरच्या आसपास बसत असे. टाकीत गाळ साचत गेल्याने जुलैत तो ९०० वर अडकू लागला. गाळ खाली बसवून वरचे स्वच्छ पाणी पुढे सोडणाऱ्या टाकीच्या, म्हणजे क्लॅरिफायरच्या, काठावरून गाळाचे पुंजके वाहून फ्लशसाठी परत वापरल्या जाणाऱ्या पाण्यात आले आणि चौथ्या मजल्यावरून दुर्गंधीची पहिली तक्रार आली. ठेकेदाराला फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले, “पावसाळ्यात सगळीकडे असंच असतं, साहेब.”

करारात ‘वाळण्याचा कालावधी ४ दिवस’ एवढेच असल्याने आमची बाजू लंगडी पडली. थराची जाडी, ऋतू आणि उचलताना गाळात किती ओलावा चालेल, यांपैकी काहीच लिहून घेतले नव्हते. तुमच्याकडे असे काम निघाले तर या तिन्ही गोष्टी करारात घाला आणि चाचणीच्या दिवशी वाफ्यात पट्टी उभी धरून थर मोजा. चाचणी एप्रिल-मेमध्ये झाली असेल, तर पावसाळ्यातील दुसऱ्या चाचणीपर्यंत काही रक्कम राखून ठेवा.

आम्ही आता दोन्ही वाफ्यांवर बाजूंनी मोकळे असे पारदर्शक पत्र्याचे छप्पर घातले आहे. त्याने पाऊस अडतो, पण हवेतील दमटपणा तसाच राहतो, त्यामुळे १६ चौरस मीटर तरीही अपुरेच पडतात. उरलेला गाळ आठवड्यातून दोनदा छोट्या फिल्टर प्रेसमधून काढावा लागतो आणि त्या यंत्राचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून झाला आहे.